बापूंचे शंभरेक शब्द आणि आत्याला पाठवलेल्या पाच ओळी: नातेवाइकांना काय पाठवावे?

घरातले कार्य नातेवाइकांना मोबाइलवरून कळवायचे झाले, की लिहिणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. पत्रिकेच्या थाटाचा सविस्तर, औपचारिक मजकूर कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा. तोच आशय चार-पाच ओळींत, समोर बसून बोलल्यासारखा लिहून एकेकाला पाठवायचा. किंवा लिहिण्याच्या फंदात न पडता सरळ आपल्या आवाजातला निरोप, म्हणजे व्हॉइस नोट धाडायची. या तिन्ही वाटा मी एकाच कार्यासाठी, एकाच घरातल्या माणसांवर वापरून पाहिल्या आहेत, आणि त्यांतली मधली वाट, म्हणजे वाचताना आवाज ऐकू येईल असा छोटा संदेश, मला सर्वांत कामाची वाटली. मात्र ती सर्वांत जोखमीचीही आहे, आणि ही जोखीम मला अगोदर कोणी सांगितली असती तर बरे झाले असते, म्हणून हा आढावा सविस्तर लिहीत आहे.

2023 साली अधिक श्रावण आला होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. अधिक महिन्याला आमच्या मराठवाड्यात धोंड्याचा महिना म्हणतात, आणि या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालण्याची रीत आहे. आमचे घर गंगाखेडचे. वडील धरून चार भाऊ, त्यांच्या बहिणी, सगळ्यांच्या लेकी आणि जावई अशी चौदा घरे होतात. प्रत्येक भावाने वेगवेगळे जेवण घालण्याऐवजी यंदा सगळ्या लेकी-जावयांना एकाच दिवशी थोरल्या घरी बोलवावे असे ठरले, आणि निरोप लिहिण्याचे काम साहजिकच थोरल्या काकांकडे गेले. त्यांना आम्ही सगळे बापू म्हणतो. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांचा हात लिहिता आहे. त्यांनी ग्रुपवर टाकलेला मजकूर असा होता:

> ॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥
> सर्व आदरणीय आप्तेष्टांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आपणां सर्वांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, श्रीकृपेने व वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने यंदाच्या अधिक मासाच्या पवित्र पर्वानिमित्त आमच्या कुटुंबातील सर्व लेकी-जावयांच्या सन्मानार्थ धोंडे जेवणाचा कौटुंबिक कार्यक्रम रविवार, दिनांक 6 ऑगस्ट 2023 रोजी दुपारी ठीक 12.30 वाजता आमच्या गंगाखेड येथील राहत्या घरी करण्याचे योजिले आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या आप्तेष्टांच्या मुक्कामाची व्यवस्था घरीच करण्यात आली आहे. सर्व बाबींचा विचार करता यंदा देण्याघेण्याचा कोणताही व्यवहार ठेवण्यात आलेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी. स्वयंपाकाच्या नियोजनाच्या दृष्टीने आपल्या उपस्थितीबाबत दिनांक 2 ऑगस्टपर्यंत कळवावे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी व आम्हांस उपकृत करावे, ही आग्रहाची विनंती. आपले विनीत, समस्त परिवार.

मराठी म्हणून यात खोट काढण्यासारखे काही नाही. तारीख आहे, वार आहे, वेळ आहे, ठिकाण आहे, वडीलधाऱ्यांचा मान आहे. तरीही तीन दिवसांत ग्रुपवर जोडलेल्या हातांची एकोणीस चिन्हे आली आणि ‘आम्ही इतके जण येतो’ असे लिहिणारे फक्त दोघे निघाले. एका भाच्याने तर ‘कार्यक्रम कधी आहे?’ असेच विचारले. माझी आई रोज विचारत होती, की माणसे पन्नास धरायची की ऐंशी, कारण त्यावर डाळ किती आणायची हे ठरणार होते.

असे का झाले, हे मी नंतर मजकूर पुन्हा पुन्हा वाचून शोधले. पहिले कारण अगदी यांत्रिक आहे. व्हॉट्सॲप लांब संदेश पूर्ण दाखवत नाही. काही ओळींनंतर तो तोडून खाली ‘Read more’ दाखवते. बापूंच्या मजकुरात ‘2 ऑगस्टपर्यंत कळवावे’ ही एकमेव मागणी शेवटाकडे होती, म्हणजे ती नेमकी त्या घडीखाली गेली. ज्याने घडी उलगडली नाही त्याच्या दृष्टीने तो संदेश एक शुभवार्ता होती, आणि शुभवार्तेला हात जोडणे हे योग्यच उत्तर होते. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. ज्या भाषेत आपण बोलावतो त्याच भाषेत समोरचा उत्तर देऊ पाहतो. ‘उपकृत करावे’ या विनंतीला ‘हाव, यायलोय, चार जण’ असे उत्तर देणे कोणालाही उद्धटपणाचे वाटेल, आणि ‘आपल्या निमंत्रणाचा सहर्ष स्वीकार आहे’ असे लिहायला कोणाला सवड नसते. मग हात जोडून मोकळे होणे तेवढे उरते. औपचारिक संदेश पोहोचला पण उत्तर आले नाही, हे ओळखायची खूण हीच: चिन्हे पुष्कळ येतात आणि आकडा एकही येत नाही.

चौथ्या दिवशी बापूंना विचारून मी तोच निरोप एकेकाला वेगळा लिहायला घेतला. ‘बापूंना विचारून’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. वडीलधाऱ्याने लिहिलेला मजकूर परस्पर लहान करून पाठवला, तर पुढच्या सगळ्या चुका आपल्या माथी येतात, आणि त्या यायलाच हव्यात. लातूरच्या थोरल्या आत्याला गेलेला संदेश हा:

> आत्या, धोंड्याचं जेवण ठेवलंय बघा, 6 तारखेला, रविवारी. सगळ्या लेकी यायल्यात. बापू म्हणले, आत्याला आधी सांग. तुम्ही अन् मामा शनिवारीच या, मुक्कामाला. एसटीनं येताव का गाडीनं? एसटीनं आलाव तर स्टँडवर मी येतो न्यायला.

दहा मिनिटांत उत्तर आले: ‘एसटीनंच. आम्ही दोघं अन् बारकी नात. चारच्या गाडीनं निघताव.’ आम्हाला तीन दिवस न मिळालेला आकडा त्यात होता.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवले, तर पहिली गोष्ट दिसते ती ही, की लहान संदेश हा मोठ्या संदेशाचा सारांश मुळीच नाही. बापूंच्या मजकुरातली वाक्ये कापत गेलो असतो, तर ‘6 ऑगस्ट रोजी धोंडे जेवण आहे, उपस्थित राहावे’ एवढे उरले असते. ते लहान झाले असते, पण नोटीस झाले असते. आत्याच्या संदेशात उलट अशा गोष्टी आहेत ज्या मूळ मजकुरात नव्हत्याच: बापूंनी तिचे नाव आधी घेतले ही गोष्ट, मामांचा उल्लेख, स्टँडवर न्यायला येण्याची तयारी. आणि मूळ मजकुरातल्या काही गोष्टी, म्हणजे वेळ, देण्याघेण्याचे ते वाक्य, कळवण्याची मुदत, यांना तिथे जागाच नाही.

त्यामुळे मूळ मजकूर समोर ठेवून कापाकापी करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मी जे केले ते असे. बापूंचा मजकूर एकदा नीट वाचला आणि फोन उलटा ठेवला. मग ज्या माणसाला सांगायचे तो माणूस समोर बसला आहे असे धरून, स्वतःच्याच नंबरवर व्हॉइस नोट बोललो. मग ती ऐकत ऐकत, जशीच्या तशी लिहून काढली, आणि लिहून झाल्यावर अडखळलेले, दोनदा आलेले शब्द काढले. बोलताना तोंडातून जे आपोआप आधी आले ते संदेशाच्या सुरुवातीला ठेवले, कारण त्या माणसाला तेच आधी सांगायचे होते. बोलताना जे तोंडातून आलेच नाही, त्याचे दोन भाग पडतात. ‘पवित्र पर्वानिमित्त’, ‘शोभा वाढवावी’ हे आले नाही, कारण आत्याशी बोलताना ते कोणीच म्हणत नाही. ते गेले तरी काही बिघडत नाही. पण जेवणाची वेळही आली नव्हती, आणि वेळ लागतेच. अशा गोष्टी परत त्या बोलक्या संदेशात कोंबल्या, की त्याचा सूर बिघडतो. म्हणून त्या मी लगेच खाली वेगळ्या संदेशात, कोरड्या ओळींत पाठवल्या:

> रविवार, 6 ऑगस्ट 2023
> जेवण दुपारी 12.30
> थोरलं घर, गंगाखेड

हा दुसरा संदेश कोरडाच असावा. आयत्या वेळी बसमध्ये बसून माणूस तोच शोधतो, आणि त्यात माया शोधत नाही.

आता भाषेत नेमके काय बदलले ते पाहू. बापूंच्या मजकुरात ‘करण्याचे योजिले आहे’, ‘करण्यात आली आहे’, ‘ठेवण्यात आलेला नाही’ अशी क्रियापदे आहेत. या रचनांत करणारा दिसत नाही. शाळेच्या परिपत्रकात ते योग्य असते, कारण तिथे निर्णय पदाचा असतो, माणसाचा नसतो. बोलताना मात्र आपण करणाऱ्याला समोर आणतो: ‘बापू म्हणले’, ‘मी येतो न्यायला’. संदेश वाचताना आवाज ऐकू येतो तो मुख्यतः या कर्त्यांमुळे. जिथे जिथे ‘करण्यात’ दिसेल तिथे ‘कोणी?’ असे विचारावे आणि त्या माणसाचे नाव घालून वाक्य पुन्हा लिहावे. निम्मे काम तेवढ्यानेच होते.

उरलेले काम शब्दांच्या शेवटच्या अक्षरांत आहे. ‘ठेवले आहे’ असे लिहिले की डोळा ते पुस्तकासारखे वाचतो, आणि ‘ठेवलंय’ असे लिहिले की तोच डोळा ते ऐकतो. अनुस्वार देऊन लिहिलेले ‘सांगितलं’, ‘जेवण ठेवलं’, ‘घरचं’ हे सगळे याच जातीचे. यात फक्त एक पथ्य आहे, की एकदा धरलेला सूर संदेश संपेपर्यंत सोडू नये. माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘आत्या, आपण सहकुटुंब शनिवारीच यायलाव ना?’ असे वाक्य होते. ‘आपण सहकुटुंब’ हे पत्रिकेतले आणि ‘यायलाव’ हे ओसरीवरचे. दोन्ही शेजारी आले, की वाचणाऱ्याला वाटते, याने कुठून तरी उचलून पाठवले आहे.

‘आपण’ या शब्दाविषयी थोडे जास्त सांगायला हवे, कारण आदर जाईल या भीतीने लोक तो सोडत नाहीत. आमच्याकडे आत्या, मामा, काका, थोरली चुलती यांच्याशी बोलताना ‘तुम्ही’ म्हटले की आदर पूर्ण झाला. ‘आपण’ हे आम्ही सभेत बोलतो, नाहीतर नव्या सोयऱ्यांशी. सख्ख्या आत्याला ‘आपण’ लिहिले तर तिला मान मिळाल्याचे वाटत नाही, अंतर पडल्याचे वाटते. तेव्हा ऊब आणण्यासाठी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याची गरज नाही, आणि आदर राखण्यासाठी ‘आपण’वर जाण्याचीही नाही. त्या माणसाला तोंडावर जे म्हणतो तेच लिहावे. हेच बोलीच्या शब्दांनाही लागू आहे. माझ्या तोंडात ‘यायल्यात’, ‘येताव’ लहानपणापासून आहे, म्हणून ते आत्याला खटकले नाही. माझा चुलतभाऊ पुण्यात वाढला. तो आत्याशी प्रमाण मराठीतच बोलतो. त्याने माझा संदेश उचलून ‘येताव का’ असे लिहिले असते, तर आत्याला तो थट्टा करतो आहे असेच वाटले असते. त्याचा संदेश ‘आत्या, येताय ना? बाबा तुमची वाट बघतायत’ असाच हवा, आणि तो तसाच उबदार आहे.

शेवटचा बदल प्रश्नाचा. बापूंच्या मजकुरात ‘उपस्थितीबाबत कळवावे’ आहे. त्यात मागणी आहे, पण उत्तराला धरायला काही नाही. ‘एसटीनं येताव का गाडीनं?’ या प्रश्नात येणार की नाही हे विचारलेलेच नाही; येणार हे धरून पुढचे विचारले आहे. उत्तर द्यायला दोन शब्द पुरतात, आणि त्या दोन शब्दांच्या मागोमाग माणूस किती जण, कधी, हे आपणहून सांगतो. जो येऊ शकत नाही तोही या प्रश्नावर गप्प राहत नाही, कारण न येण्याचे कारण सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दाजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांना, मी लिहिले होते:

> दाजी, 6 तारखेचा रविवार आमच्याकडं बरं का. धोंडे खायला यायचंय. ताईला बोललो, तिनं तुमच्यावर ढकललंय. दुकान एक दिवस बंद ठेवता येईल ना?

दाजींचे मानवतला दुकान आहे आणि रविवारी तिथे गिऱ्हाईक जास्त असते. दुकानाचा प्रश्न विचारल्यामुळे ‘दुपारपर्यंत पोरगा बसवतो, दोनला पोहोचतो’ असे नेमके उत्तर आले, आणि त्यांची पंगत उशिरा ठेवायची हे आम्हाला चार दिवस आधी कळले.

एवढ्यावरून कोणी ठरवील, की मग सगळ्यांनाच असे लिहावे. इथे माझ्या दोन चुका सांगतो, कारण निवड करणाऱ्याला त्या माहीत असायला हव्यात.

पहिली चूक अशी, की दोन-तीन संदेश छान जमल्यावर मला घाई झाली आणि मी नावे काढून, ‘सगळे या बरं का, मुक्कामालाच या’ असा एक बोलका संदेश ग्रुपवरच टाकला. तो कोणालाच लागू पडला नाही. बोलका सूर ‘सगळे’ या शब्दाला पेलत नाही. एकेचाळीस जणांच्या कानात एकाच वेळी बोलता येत नाही. वर आमच्या एका थोरल्या चुलतीला राग आला. त्यांनी आईला फोन करून विचारले, की सोयऱ्यांना पत्रिकेसारखे लिहिता आणि आम्हाला दोन ओळी टाकता का. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांच्या वयाच्या माणसांना सविस्तर मजकूर हाच मान वाटतो. त्यासाठी कोणीतरी बसून वेळ घालवला आहे, हे त्यातून दिसते. त्यांना बापूंनी आपला मूळ मजकूर, वर त्यांचे नाव घालून, वेगळा पाठवला आणि मागून फोन केला. ग्रुपवर टाकायचे असेल तर औपचारिक मजकूरच टाकावा, हे मी तेव्हापासून पक्के केले आहे. फक्त मागणीची ओळ वर, घडी पडण्याआधी आणावी.

दुसरी चूक गंभीर होती. आम्हाला दुसऱ्या आत्या आहेत, सोनपेठच्या. थोरल्या आत्याचा संदेश चांगला जमला होता, म्हणून मी तोच उचलला, फक्त ‘बापू म्हणले’ची ओळ बदलली आणि पाठवून दिला. ‘तुम्ही अन् मामा शनिवारीच या’ हे वाक्य तसेच राहिले. सोनपेठचे मामा आदल्या वर्षी वारले होते. पाठवल्यावर दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आले. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, मी तो दुरुस्तही केला, पण निळ्या खुणा आधीच आल्या होत्या. मी लगेच फोन लावला. आत्या काही बोलल्या नाहीत, ‘असू दे रे’ एवढेच म्हणाल्या, आणि मला ते वाक्य अजून आठवते.

दोन्ही प्रकारांची खरी तुलना मला या जागी दिसते. बापूंच्या ‘सहकुटुंब सहपरिवार’ या शब्दांनी सोनपेठच्या आत्याला काहीही दुखावले नव्हते. ज्यांचे यजमान गेले, ज्यांचे मूल परदेशी आहे, ज्यांचे सुनेशी पटत नाही, त्या सगळ्यांना ते शब्द सारखेच लागू पडतात, कारण ते कोणाच्याही घरात डोकावत नाहीत. त्या सगळ्या जुन्या, घासून गुळगुळीत झालेल्या शब्दांचे कामच ते आहे. बोलका संदेश दार ढकलून घरात जातो. आत कोण आहे आणि कोण नाही, हे माहीत असल्याशिवाय जाऊ नये. म्हणून तो एकाचा उचलून दुसऱ्याला पाठवता येत नाही. चौदा घरांना चौदा वेळा लिहावे लागते, आणि पाठवण्याआधी संदेशातले प्रत्येक नाव, प्रत्येक नाते, त्या घरातली वर्षभरातली घटना मनाशी ताडून पाहावी लागते. मला एका संदेशाला पाच ते दहा मिनिटे लागली. ज्याला तेवढा वेळ नाही, किंवा ज्याला त्या घरची सध्याची स्थिती ठाऊक नाही, त्याने औपचारिक मजकूर पाठवावा. तो थंड वाटेल, पण लागणार नाही.

देण्याघेण्याचे वाक्य हा या तुलनेतला आणखी एक अवघड भाग आहे. चार भावांची ऐपत सारखी नाही. एका जावयाला चांदी आणि दुसऱ्याला नुसते उपरणे असे होऊ नये, म्हणून सर्वांना सारखेच, टॉवेल-टोपी, असे चौघांनी ठरवले होते. बापूंनी ते ‘कोणताही व्यवहार ठेवण्यात आलेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी’ असे लिहिले. वाक्य सरळ होते, पण ‘व्यवहार’ आणि ‘नोंद’ हे दोन्ही शब्द कचेरीतले, आणि एका जावयांनी ते ‘आम्ही काही मागायला येत नाही’ असे मनाला लावून घेतले. हेच मी बोलक्या सुरात जावयांना लिहिले असते तर अधिकच वाईट झाले असते, कारण लेकीच्या नवऱ्याशी त्या विषयावर आपण तोंडानेही बोलत नाही. जे तोंडाने बोलत नाही ते बोलल्यासारखे लिहिताच येत नाही. शेवटी ते फक्त लेकींना कळवले:

> ताई, यंदा सगळ्या जावयांना सारखंच, टॉवेल-टोपी. चौघा भावांनी बसून ठरवलंय. दाजींना तू सांग.

तीन छोटी वाक्ये, आणि करणारे कोण ते स्पष्ट. ताईने काय शब्दांत सांगितले मला माहीत नाही, पण दाजी टोपी घालून आनंदाने बसले होते.

प्रत्यक्ष व्हॉइस नोटचा विचार मी शेवटी करतो आहे, कारण तिची जागा मर्यादित आहे. माझ्या आजोळच्या एका म्हाताऱ्या मावशीला वाचता येत नाही. त्यांना मी बोलूनच निरोप पाठवला आणि तोच योग्य होता. आवाजात जे येते ते लिहिण्यात कधीच पूर्ण येत नाही, हेही खरे आहे. पण व्हॉइस नोट शोधता येत नाही. तारीख विसरली तर माणसाला ती पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागते, आणि मी बोलायला बसलो की वीस सेकंदांचे दीड मिनिट होते. दुकानात, बसमध्ये, शाळेत असलेला माणूस ती रात्रीपर्यंत ऐकतच नाही. शिवाय आमच्याकडे व्हॉइस नोट एकट्याने कोणी ऐकत नाही; फोन मध्ये ठेवून, आवाज मोठा करून सगळे घर ऐकते. निमंत्रणाला ते चालते, टॉवेल-टोपीच्या निरोपाला चालत नाही. लिहिलेला बोलका संदेश बघणारा बघतो आणि फोन खिशात ठेवतो. मावशीला मी निरोप बोललो, आणि तारखेच्या त्याच तीन कोरड्या ओळी त्यांच्या नातवाला पाठवल्या.

ज्या सोयऱ्यांकडे लेक नुकतीच दिली आहे त्यांना पहिल्या वर्षी बापूंचाच मजकूर जावा, आणि त्याआधी घरच्या मोठ्या माणसाचा फोन जावा. तिथे बोलका संदेश सलगी वाटतो. दहाव्या-तेराव्याचा निरोपही तसाच ठेवावा. त्या वेळी लिहिणारा आणि वाचणारा दोघेही शब्द शोधण्याच्या स्थितीत नसतात, आणि ठरलेले शब्द दोघांनाही सावरतात. जमिनीच्या वाटणीबाबत किंवा पैशाबाबत काही कळवायचे असेल तर ते तारीखवार, औपचारिकच लिहावे, कारण ते पुढे कोणी तरी पुन्हा काढून वाचणार असते. बाकी बारसे, जावळ, धोंडे, घरभरणी, परीक्षेचा निकाल, दवाखान्यातून घरी आल्याची बातमी, हे सगळे माझ्या मते बोलक्या संदेशाचे.

चौदा घरांपैकी बारा घरांची उत्तरे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आली, आणि आईला आकडा मिळाला: त्रेसष्ट. थोरल्या चुलती बापूंच्या फोननंतर तयार झाल्या. राहिले होते ते सोनपेठचे घर. तिथून फोनवर ‘बघू’ एवढेच उत्तर आले होते, आणि ते का, हे मला ठाऊक होते. मी पुन्हा लिहिले. या वेळी आधी आईला विचारले, बापूंना विचारले, आणि मगच लिहिले:

> आत्या, आई म्हणली, धोंडे तुमच्याच हातचे पाहिजेत, तिच्या हातून फुटतात. शनिवारी मी येतो गाडी घेऊन. चारला तयार राहताव का?

तासाभराने उत्तर आले.

> चारला कशाला. तीनलाच ये. डाळ निवडायला वेळ लागतो.